दहा वर्षांची शाळा, अडीच हजार शब्द: प्रसंग किती आणि धावतं निवेदन किती?

पिंपळपार
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी ललित लेख लिहितोय. मर्यादा २५०० शब्दांची आहे, माझा खर्डा ४१०० वर गेलाय. विषय माझी शाळेची दहा वर्षं, जून १९८८ ते मार्च १९९८. पहिली ते चौथी वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीपासून तालुक्याच्या गावचं हायस्कूल. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. माझे वडील, अण्णा, त्याच हायस्कुलात शिपाई होते. घंटा तेच द्यायचे.

एका मित्राला वाचायला दिला तर म्हणाला, "सगळं आहे रे, पण वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही." नमुन्यादाखल सहावी-सातवीचा तुकडा देतो:

*सहावीत आम्हाला गणिताला नवे सर आले. ते फार कडक होते. त्याच वर्षी भूकंप झाला. आम्ही बरेच दिवस अंगणात झोपायचो. वार्षिक परीक्षेत माझा वर्गात तिसरा नंबर आला. सातवीत स्कॉलरशिपचे जादा तास सुरू झाले. अण्णा त्यासाठी भल्या पहाटे शाळा उघडायचे.*

यातलं काय सविस्तर प्रसंग म्हणून लिहायचं आणि काय दोन वाक्यांत उरकायचं, हे मला ठरवता येत नाहीये. काही आडाखे असतात का?

सुशेगाद
सोपं आहे. दोन वाक्यांत उरकायचंच नाही. "सर कडक होते" हे सांगू नका, त्यांना फळ्यापाशी उभं करा, छडी हातात द्या, बोलू द्या. तुमच्या तुकड्यात सात वाक्यं आहेत आणि डोळ्यांसमोर एकही चित्र येत नाही. दहा इयत्ता, दहा प्रसंग, प्रत्येकी अडीचशे शब्द. हिशेबही जुळतोय.

टण्या
म्हणजे गॅदरिंगच झालं की. दहा नाटुकली, मध्ये मध्ये पडदा.

सुशेगाद
गॅदरिंग लोक शेवटपर्यंत बघतात, प्रगतिपुस्तक कोणी वाचत नाही. :)

न्यूजर्सीची_काकू
आमच्या लेकीला कॉलेजच्या अर्जासाठी असाच निबंध लिहायचा होता, ६५० शब्दांत. तिनेही केजीपासून सुरुवात केली होती! शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सगळं कापायला लावलं आणि फक्त एक दुपार ठेवायला सांगितली, तिने आजीला फोनवर पोळ्या कशा लाटायच्या ते विचारलं ती. तुमच्या मुलालाही तसंच करायला सांगा. अॅडमिशनवाल्यांना एवढा वेळ नसतो.

पिंपळपार
काकू, मुलाचा नाही हो, माझाच लेख आहे. आणि अॅडमिशन मिळून बरीच वर्षं झाली.

रेघोट्या
पिंपळपार, व्यनिमधून पाठवलेला पूर्ण खर्डा वाचला. दिवाळी अंकांचं संपादन करताना शाळेच्या आठवणींचे लेख ढिगाने यायचे, त्यामुळे एक सवय लागली आहे: आधी भाषेकडे बघायचं नाही, कुठल्या काळाला किती शब्द दिलेत ते मोजायचं. तुमच्या पहिली ते चौथीला साधारण १५०० शब्द आहेत. त्यात अण्णा दोनदा येतात: एकदा पाटी आणून देतात, एकदा ताप आलेला असताना खांद्यावरून घरी नेतात. पुढच्या सहा वर्षांना २६०० शब्द, म्हणजे प्रत्येक इयत्तेला सारखाच वाटा. तुम्ही शब्द कॅलेंडरप्रमाणे वाटले आहेत.

आता दुसरी गोष्ट. व्यनिमध्ये जाता जाता तुम्ही लिहिलंत, "शाळेत मी त्यांना कधी अण्णा म्हटलं नाही, सगळी पोरं म्हणायची तसं मामाच म्हणायचो." हे वाक्य ४१०० शब्दांत कुठेही नाही! माझ्या मते लेख या वाक्याचा आहे. शाळा ही त्याची जागा आणि दहा वर्षं ही त्याची मुदत. (परवानगी न विचारता हे इथे टाकलं, चालेल ना?)

हे मान्य केलंत तर वाटणी बरीचशी आपोआप होते. वस्तीवरच्या शाळेत अण्णा नव्हतेच. ती चार वर्षं शंभर शब्दांत बसतील, आणि बसायलाच हवीत, कारण त्यांचं काम एकच: तिथे बाप घरी होता आणि शाळा वेगळी होती, एवढं वाचकाला कळणं. पाटी ठेवा, ताप काढा.

सुशेगाद, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. त्या तुकड्यात चित्र नाही हे खरंच. पण दहा प्रसंग केले की दर अडीचशे शब्दांनी वाचकाला नव्याने आत यावं लागतं, नवी खोली, नवी माणसं, कोण कुठे उभं आहे ते. शिवाय प्रत्येक प्रसंग "मी महत्त्वाचा आहे" असं ओरडत असतो. दहा ओरडले की त्यातला कुठला खरा ते कळत नाही. काकूंच्या लेकीचा निबंध एका दुपारीत बसला, कारण त्यात "मी आज कोण आहे" एवढंच दाखवायचं होतं. इथे वर्षं जाणं हाच विषय आहे. मुलगा बापाला एकदा मामा म्हणाला तर तो किस्सा. सहा वर्षं म्हणत राहिला, ही निराळी गोष्ट आहे, आणि ते "सहा वर्षं" कुठल्याही एका प्रसंगात दिसणार नाही. ते धावत्या निवेदनातच येऊ शकतं.

पिंपळपार
चालेल. लिहिताना ते सुचलंच नव्हतं असं नाही, टाळलं होतं बहुतेक.

भटका_मास्तर
मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा दोन शब्द माझेही. तुमच्या सहावीत ३० सप्टेंबर १९९३ येतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. मराठवाड्यातल्या माणसाने त्या काळावर लिहावं आणि भूकंप "त्याच वर्षी भूकंप झाला" एवढ्यात गुंडाळावा? मी तेव्हा औशाजवळ नोकरीला होतो. आम्ही जे पाहिलं ते आजही सांगवत नाही. हा प्रसंग पूर्ण लिहाच. किमान आठशे शब्द.

रेघोट्या
मास्तर, तुम्ही पाहिलंत ते तुम्ही जरूर लिहा, त्याला आठशेही पुरणार नाहीत. पण पिंपळपारांचं गाव किल्लारी-सास्तूरपासून लांब, तिथे घरं पडली नाहीत असं त्यांनीच लिहिलंय. मोठी घटना लेखात आली की ती सगळे शब्द स्वतःकडे ओढून घेते. वाचक मग मुलगा आणि बाप विसरतो आणि भूकंपाचा लेख वाचू लागतो. घटना गावाच्या इतिहासात किती मोठी आहे याने प्रसंगाची लांबी ठरत नाही, या लेखातल्या दोन माणसांमध्ये तिने काही हललं का, याने ठरते. पिंपळपार, हललं का काही? नसेल तर अंगणात झोपण्याचं एक वाक्य पुरे.

पिंपळपार
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. हललं होतं.

भूकंपानंतर गावातून मदत गोळा झाली. कपडे, भांडी, ज्वारीची पोती, चादरी. ते सगळं ट्रक येईपर्यंत आमच्या हायस्कुलाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं आणि राखणीला रात्री अण्णा. आई मला डबा घेऊन पाठवायची. लोक घरात झोपायला घाबरत होते आणि अण्णा त्या दगडी इमारतीच्या दारात चटई टाकून बसलेले. शाळेत दुसरं कोणी नाही. तिथे मी त्यांना अण्णा म्हणून हाक मारली. शाळेच्या आवारात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाल्यावर परत मामा.

हे लेखात नव्हतं. "बरेच दिवस अंगणात झोपायचो" होतं.

टण्या
...
हे वाचून थट्टा सुचेना.

रेघोट्या
मग सापडला तुमचा लांब प्रसंग. भूकंप नव्हे, डबा. सहाशे-सातशे शब्द बिनधास्त द्या. भूकंप त्याच्या पोटात येईलच, दगडी इमारतीपाशी एकटा बसलेला माणूस बघितला की वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा प्रसंग पाचवीच्या जूनमधला: पहिल्यांदा मामा म्हणालात तो. तो कसा घडला ते आठवत असेल तर साडेतीनशे-चारशे शब्द. मला दोनच पूर्ण प्रसंग दिसतात. बाकी सगळं धावतं.

सुशेगाद
आणि दहावी? शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर "अण्णा" म्हणाला असेल ना. तिथे लेख संपायला हवा. नाहीतर वाचक म्हणेल, मग पुढे काय?

पिंपळपार
नाही म्हटलं. निरोप समारंभालाही नाही. ते खुर्च्या उचलत होते आणि मी मित्रांबरोबर फोटो काढत होतो. खोटं कसं लिहू?

रेघोट्या
लिहू नकाच. सुशेगाद, तुम्ही मागताय तो प्रसंग घडलेला नाही, आणि इथेच निवेदन प्रसंगापेक्षा जास्त काम करतं. जे बदललं त्याला प्रसंग, जे बदललं नाही त्याला निवेदन, असा माझा ढोबळ आडाखा आहे. डब्याचा प्रसंग सातशे शब्दांचा, आणि त्याला लागून सातवी ते दहावी: "पुढची चार वर्षं मी त्यांना मामाच म्हणत राहिलो." सातशे शब्द वाचकाला त्या दारात बसवून ठेवल्यावर चार वर्षं एका वाक्यात गेली की ती जी टोचतात, ती टोच चार प्रसंग लिहून येणार नाही. त्यानंतर हवा तर थोडा तपशील द्या, पण त्याच धाग्याचा.

कोरा_कागद
रेघोट्याताई, एक शंका. धावतं निवेदन म्हटलं की माझं सगळं लिखाण "जायचो, यायचो, खायचो, बसायचो" होतं. दोन परिच्छेदांनंतर मलाच डुलकी लागते.

भटका_मास्तर
तो रीतिभूतकाळ. जुन्या लेखनात "जाई, येई, म्हणे" असायचं. त्याला ठेका होता, आता तो पुस्तकी वाटतो म्हणून सगळा भार "-यचो"वर आलाय.

रेघोट्या
मास्तर बरोबर बोलले. यावर तीन-चार उपाय करता येतात. पहिल्या वाक्यात एकदा "-यचो" आलं की सवय प्रस्थापित होते, मग पुढची वाक्यं क्रियापदाशिवायही चालतात: "पहाटे साडेपाचला शाळा उघडायचे. हातात कंदील, खांद्यावर झाडू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा." वाचकाच्या मनात "असायचा" आपोआप येतो.

दुसरं, दर वर्षी थोडी बदलत जाणारी एक वस्तू पकडा. पिंपळपारांच्या खर्ड्यात अण्णांची सायकल तीनदा येते, पण विखुरलेली. पाचवीत मुलगा पुढच्या दांडीवर बसून शाळेच्या अलीकडच्या वळणापर्यंत, तिथे उतरून चालत. सातवीत कॅरिअरवर, पण उतरायचं त्याच वळणावर. नववीत स्वतः चालवतो, अण्णा मागे, आणि वळणावर आता अण्णा उतरतात. हे तीन वाक्यांत बसतं आणि पाच वर्षं निघून जातात. "आठवीत गेलो तेव्हा", "नववीत असताना" असं एकही परिच्छेदाच्या तोंडाशी लिहावं लागत नाही. लेखाचं हजेरीपट होतं ते बहुतेक या तोंडांमुळेच. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सलग वाचून बघा, इयत्तांची यादी ऐकू आली तर समजा.

(नववीत अण्णा उतरायचे, हे तुमच्याच खर्ड्यात आहे, वाक्याच्या शेवटी कंसात!)

आणि एक खूण. "-यचा"च्या वाक्यात अवतरणचिन्हं आली की थांबा. "अण्णा रोज म्हणायचे, 'बाळा, आज सोमवार आहे, पीटीचा गणवेश घातलास का, मागच्या वेळेसारखं विसरू नकोस.'" रोज? शब्दशः? हे एकदाच घडलेलं वाक्य आहे, त्याला सवयीचा काळ लावलाय, आणि वाचकाला सांगता आलं नाही तरी खोट जाणवते. सवयीच्या काळात फक्त पालुपद शोभतं, जे माणूस खरंच पुन्हा पुन्हा म्हणतो. बाकी बोलणं "एकदा" म्हणून साध्या भूतकाळात आणायचं.

कोरा_कागद
हे वहीत लिहून घेतलं.

पिंपळपार
रात्री बसून पाचवीचा जून आणि पुढचा सांधा लिहिला. दाखवतो, झोडपा.

*वर्गात पंख्याखाली बसलेले सर म्हणाले, "जा रे, मामांकडून खडू घेऊन ये." मी उठलो. व्हरांड्याच्या टोकाला, घंटेच्या खांबापाशी अण्णा स्टुलावर बसले होते. मागे वर्गातून चाळीस पोरं बघत होती, निदान मला तसं वाटलं. "मामा, सरांनी खडू मागितलाय." अण्णा उठले. कपाट उघडलं, दोन पांढरे खडू मोजून दिले. एक रंगीत वर ठेवला. काही बोलले नाहीत. घरीही नाही.*

*त्या दिवसापासून मी वळणावर उतरू लागलो. दांडीवरून उतरायचं, दप्तर सावरायचं, अण्णांना शंभर पावलं पुढे जाऊ द्यायचं. त्यांनी कधी विचारलं नाही.*

टण्या
रंगीत खडू. बास.

सुशेगाद
मानलं. माझ्या दहा नाटुकल्यांपेक्षा हे बरं. पण एक: "निदान मला तसं वाटलं" काढा, प्रसंगात घुसून तुम्ही समजावताय.

रेघोट्या
मी ठेवीन. तो आजचा माणूस बोलतोय, आणि ललित लेखात तो अधूनमधून बोललाच पाहिजे, नाहीतर कथा होते. पण एकदाच. डब्याच्या प्रसंगात त्याला बोलू देऊ नका.

सांधा छान झालाय, "त्या दिवसापासून" हा शब्द प्रसंगाला सवयीत ओततो. उलट दिशेनेही असाच दरवाजा लागेल. अंगणात झोपायचो, डबा न्यायचो, असं तीन-चार वाक्यं चाललेलं असताना "त्या रात्री" म्हणून आत शिरायचं आणि लगेच क्रियापद बदलायचं: न्यायचो नाही, नेला. ही अदलाबदल अर्धवट झाली की प्रसंग सवयीत विरघळतो. खर्ड्यात तुम्ही "त्या दिवशी सर आले आणि मारायचे" असं लिहिलंय एके ठिकाणी, ते बघा.

भटका_मास्तर
मला एक खटकतंय. "सरांनी खडू मागितलाय" हे शब्द तुम्हाला इतक्या वर्षांनी नेमके आठवतात? नसतील तर अवतरणचिन्हं हा वाचकाशी केलेला करार मोडणं आहे. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, आठवत नसेल तर "खडू मागायला गेलो" लिहा.

पिंपळपार
"मामा" शंभर टक्के आठवतं. पुढचे शब्द तसेच असतील असं नाही.

रेघोट्या
मास्तर, माझं मत थोडं सैल आहे. खडू मागायला पाठवलेलं पोर दुसरं काय म्हणणार? त्या चार शब्दांत काही रचलेलं नाही. सर दहा ओळी बोलले असं लिहिलं असतं तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते.

भटका_मास्तर
आज चार शब्द, उद्या दहा ओळी. हद्द कोण ठरवणार?

सुशेगाद
कोर्टात साक्ष देत नाहीये तो, मास्तर.

भटका_मास्तर
ललित लेखावर "कथा" असं छापलेलं नसतं, सुशेगाद. वाचक ते खरं धरूनच वाचतो.

कोरा_कागद
मी मास्तरांकडे झुकतो. पण "मामा" अवतरणात आणि बाकीचं बाहेर असं केलं तर? *"मामा," मी म्हणालो, आणि सरांनी खडू मागितल्याचं सांगितलं.*

पिंपळपार
करून बघितलं. वाचताना दमल्यासारखं होतंय, पण "मामा" एकटा उभा राहतो हे खरं. दोन्ही ठेवून दोन दिवसांनी परत वाचतो.

शब्दांचा हिशेब सध्या असा: वस्तीवरची शाळा ११०, खडू ३९०, सायकल आणि पाचवी २२०, डबा ७२० झालाय, सातवी ते दहावी ३००. बेरीज १७४०. म्हणजे आता उलटी पंचाईत, साडेसातशे शब्द उरतात. स्कॉलरशिपचे पहाटेचे तास घालू का? ते मला सविस्तर आठवतात.

रेघोट्या
अंकाने कमाल मर्यादा दिली आहे, किमान नाही. पहाटे शाळा उघडणारे अण्णा सातवीच्या निवेदनात एका वाक्यात येऊ द्या. मी एकच विचारेन: त्या पहाटे वर्गात तुम्ही एकटे पोचायचात का कधी, बाकीची पोरं यायच्या आधी? तसं असेल तर तेव्हा काय हाक मारायचात?

पिंपळपार
कधी कधी पोचायचो एकटा. हाक मारल्याचं आठवत नाही. मारायची वेळ येऊ नये म्हणून गेटबाहेर थांबायचो, दुसरं कोणी येईपर्यंत.

रेघोट्या
हे वाक्य घ्या. प्रसंग करू नका.